आलेखाचा ऑल्ट मजकूर: पट्ट्या मोजू नका, पट्ट्या काय सांगतात ते लिहा

पत्र

सप्रेम नमस्कार. फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाचं त्रैमासिक आता वेबसाइटवर येतं आणि त्याची मांडणी मी करते. आमचे एक वाचक अंध आहेत, ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर अंक ऐकतात. गेल्या अंकात गोव्याच्या लोकसंख्येवर लेख होता. त्यातल्या आलेखाला मी ऑल्ट, म्हणजे स्क्रीन रीडर चित्राच्या जागी वाचतो तो मजकूर, दिला: ‘गोव्याच्या लोकसंख्येचा आलेख’. त्यांचा फोन आला, “आलेख आहे हे कळलं, पण आहे काय त्यात?” मग मी सगळं घातलं: ‘हिरव्या रंगाच्या पाच उभ्या पट्ट्या, डावीकडून पहिली 1971, 795120, दुसरी 1981, 1007749…’ असं शेवटपर्यंत. त्यावर ते म्हणाले, “आता अर्ध्यात सोडून पुढे गेलो.” पुढच्या अंकात माशेलच्या चिखल काल्याचा फोटोही आहे. थोडक्यात लिहायचं म्हणजे नेमकं किती आणि काय? १२५ अक्षरांचा नियम आहे असं ऐकलं, तो आमच्या मजकुरात बसतच नाही.

— अंकाची मांडणी करणारी, फोंडा

उत्तर

ताई, आधी लेखातला तो आलेख हाताने झाका आणि त्याच्या वरचा-खालचा परिच्छेद वाचा. वाचताना जिथे अडखळाल, जे कळायचं राहून गेलं असं वाटेल, तेवढंच ऑल्टमध्ये यायला हवं. तुमच्या पहिल्या ऑल्टने चित्राचं नाव सांगितलं आणि दुसऱ्याने चित्राचा पंचनामा केला. लेखकाने तो आलेख लेखात का ठेवला, याचं उत्तर मात्र दोन्हींत आलं नाही. पाचही आकडे ऐकून झाल्यावर त्या वाचकाला मनातल्या मनात वजाबाक्या करत बसावं लागलं असतं. डोळस माणसाला ती वजाबाकी पट्ट्यांची उंची पाहून एका नजरेत मिळते.

म्हणून आलेखासाठी आधी एक वाक्य कागदावर लिहून काढायचं: हा आलेख काय सिद्ध करतो? तुमच्या लेखाचं म्हणणं समजा असं आहे, की गोव्याची लोकसंख्या वाढते आहे, पण पूर्वीसारखी नाही. मग वाक्य पटकन सुचतं: ‘लोकसंख्या वाढली, पण दर दशकातली भर कमी कमी होत गेली.’ लिहायला सोपं आणि ऐकायलाही बरं. पण ते चूक आहे. जनगणनेचे आकडे हजारांत घेतले तर १९७१ मध्ये ७ लाख ९५ हजार, १९८१ मध्ये १० लाख ८ हजार, १९९१ मध्ये ११ लाख ७० हजार, २००१ मध्ये १३ लाख ४८ हजार आणि २०११ मध्ये १४ लाख ५९ हजार. आता एकेका दशकाची भर काढा. पहिल्या दशकात २ लाख १३ हजार, दुसऱ्यात १ लाख ६२ हजार, तिसऱ्यात १ लाख ७८ हजार, चौथ्यात १ लाख ११ हजार. म्हणजे तिसऱ्या दशकात भर थोडी वाढली होती. सतत कमी होत गेला तो टक्केवारीतला वेग: २६.७, मग १६.१, मग १५.२, आणि शेवटी ८.२ टक्के.

तुमच्या पट्ट्या लोकसंख्या दाखवतात, टक्केवारी दाखवत नाहीत. डोळस वाचकाला त्या आलेखात शेवटची पायरी सर्वांत बुटकी दिसते, तेवढंच. २७ वरून ८ टक्क्यांवर आलेला वेग त्याला दिसत नाही. ऑल्टमध्ये टक्केवारी घातलीत तर अंध वाचकाला मिळालेली माहिती इतरांना मिळणार नाही. ही उलटी गैरसोय फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, पण अशा ऑल्टमध्ये चूक राहिली तर ती कोणी पकडतही नाही, कारण संपादकांपैकी कोणाला तो मजकूर पानावर दिसतच नसतो. टक्केवारी महत्त्वाची असेल तर ती परिच्छेदात लिहा, सगळ्यांसाठी. ऑल्टने आलेखात दिसतं त्याच्या पलीकडे जायचं नाही.

हे धरून तुमच्या आलेखाचा ऑल्ट असा होईल:

```html
<img src="goa-loksankhya.png"
 alt="स्तंभालेख. गोव्याची लोकसंख्या १९७१ मधल्या
 सुमारे ८ लाखांवरून २०११ मध्ये १४ लाख ५९ हजारांवर
 गेली. प्रत्येक दशकात ती वाढली, पण शेवटच्या दशकातली
 १ लाख ११ हजारांची भर सर्वांत कमी आहे.">
```

तीस शब्द झाले. ‘स्तंभालेख’ हा एक शब्द मुद्दाम ठेवला आहे. उद्या वाचनालयाच्या बैठकीत कोणी ‘ती शेवटची पट्टी बघा’ म्हणालं, तर पट्टी म्हणजे काय हे तुमच्या वाचकालाही माहीत असावं. हिरवा रंग काढून टाकला, कारण पाचही पट्ट्या हिरव्याच आहेत आणि त्या रंगाला काही अर्थ नाही. रंगाला अर्थ असतो तो दोन गोष्टी वेगळ्या दाखवायच्या असतात तेव्हा, उदाहरणार्थ शहरी भाग निळा आणि ग्रामीण भाग तपकिरी. तेव्हासुद्धा ऑल्टमध्ये ‘शहरी’ आणि ‘ग्रामीण’ हेच शब्द हवेत. लेखातच ‘निळी रेष पाहा’ असं वाक्य असेल तर ते वाक्य बदलून ‘शहरी लोकसंख्येची निळी रेष’ करा. ज्याला रंग नीट ओळखू येत नाहीत त्या डोळस वाचकाचीही त्यात सोय होते.

हाच आलेख दुसऱ्या लेखात ठेवलात तर ऑल्ट बदलेल. समजा तो लेख गोव्याने दहा लाखांचा टप्पा कधी ओलांडला यावर आहे. मग ऑल्ट होईल: ‘स्तंभालेख. १९७१ मध्ये गोव्याची लोकसंख्या ८ लाखांच्या आत होती. १९८१ मध्ये ती पहिल्यांदा दहा लाखांच्या किंचित वर गेली.’ २०११ चा आकडा तिथे आला नाही तरी काही बिघडत नाही. म्हणून एकदा लिहिलेला ऑल्ट चित्रासोबत आपोआप सगळीकडे फिरू देऊ नये. यावर शेवटी पुन्हा येतोच.

मधल्या तीन पट्ट्यांचे आकडे कुठे गेले, असं तुमचे वाचक विचारतील आणि ते रास्त आहे. डोळस वाचक हवं तेव्हा १९९१ च्या पट्टीवर नजर टाकू शकतो, तशी सोय त्यांनाही हवी. पण त्या सोयीची जागा ऑल्ट नाही. स्क्रीन रीडर ऑल्ट एका दमात बोलतो. त्यात मथळे नसतात, रकाने नसतात, ‘१९९१ वर जा’ असं करता येत नाही. मधलाच एक आकडा पुन्हा ऐकायचा तर बहुतेक वेळा सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं. पाच आकडे असोत की पंचवीस, ते आलेखाखाली खऱ्या तक्त्यात द्या. खरा तक्ता म्हणजे तक्त्याचा फोटो नव्हे. एक्सेलमधून स्क्रीनशॉट काढून चिकटवला तर पुन्हा एक चित्रच तयार होतं आणि त्याला पुन्हा ऑल्ट लागतो.

```html
<table>
 <tr><th scope="col">वर्ष</th>
     <th scope="col">लोकसंख्या</th></tr>
 <tr><th scope="row">१९७१</th><td>७,९५,१२०</td></tr>
 <tr><th scope="row">१९८१</th><td>१०,०७,७४९</td></tr>
</table>
```

उरलेल्या ओळीही अशाच. मथळ्याच्या चौकटीला `th` लिहिल्याचा फायदा असा, की एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारा माणूस `Ctrl+Alt` धरून बाणाच्या कळांनी एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत गेला की त्याला आकड्याबरोबर तो कुठल्या वर्षाचा आहे हेही ऐकू येतं. सगळीकडे साध्या चौकटीचं `td` च लिहिलं तर नुसते आकडे ऐकू येतात आणि कुठला आकडा कुठल्या वर्षाचा हे त्याने लक्षात ठेवायचं. नेमके आकडे इथे पूर्ण द्या. ऑल्टमध्ये मात्र गोल केलेले बरे, कारण ‘चौदा लाख अठ्ठावन्न हजार पाचशे पंचेचाळीस’ ऐकेपर्यंत वाक्याचा कर्ता विसरायला होतो.

आलेखाखालच्या ओळीत, म्हणजे कॅप्शनमध्ये, जे सगळ्यांनाच सांगायचं ते लिहा. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी आहेत. एक, हे आकडे फक्त गोव्याचे आहेत. १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तिघांची बेरीज सापडते आणि कोणीतरी ‘तुमचा आकडा चुकला’ म्हणून पत्र पाठवतं. दोन, आलेख २०११ ला का थांबतो: २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. स्क्रीन रीडर कॅप्शनही वाचतो, म्हणून तीच वाक्यं ऑल्टमध्ये पुन्हा घालू नका. कॅप्शनचा मजकूर जसाच्या तसा ऑल्टमध्ये चिकटवण्याची सवय सर्रास आढळते. ऐकणाऱ्याला ते घरात दोन रेडिओ एकाच स्टेशनवर लावल्यासारखं होतं.

आलेखाबद्दल आणखी एकच, ते म्हणजे उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते पाहा. तो ६ लाखांपासून सुरू केला, तर २०११ ची पट्टी १९७१ च्या पट्टीच्या चौपटीहून उंच दिसते. प्रत्यक्षात लोकसंख्या दुप्पटही झालेली नाही. अशा आलेखाचा ऑल्ट नुसतं पट्ट्या पाहून लिहिला तर त्यात ‘प्रचंड वाढ’ हे शब्द येतात. ऑल्ट नेहमी आकडे समोर ठेवून लिहा. या एका बाबतीत तुमचे अंध वाचक इतरांपेक्षा सुरक्षित आहेत, पट्टीच्या उंचीला ते भुलत नाहीत.

आता १२५ अक्षरांचं. वेबवरच्या सुलभतेसाठी जगभर डब्ल्यूसीएजी हे मानक वापरतात. चित्राला त्याचंच काम करणारा मजकूर हवा, एवढं त्यात आहे. अक्षरांची मर्यादा नाही. १२५ हा आकडा इंग्रजी लेखनातल्या सल्ल्यांतून आलेला अंदाज आहे. मराठीत तर तो मोजायचा कसा हाच प्रश्न. ‘गोव्याची’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा धरतो: गो, व्या, ची. संगणक त्यात आठ चिन्हं मोजतो, कारण ओकार, हलन्त, काना, वेलांटी ही सगळी त्याच्या हिशेबी स्वतंत्र असतात. ‘गोव्याची लोकसंख्या’ या दोनच शब्दांत, मधली मोकळी जागा धरून, अठरा चिन्हं खर्च होतात. तेव्हा ते सोडा. घड्याळ लावून मोठ्याने वाचा. फोटोसाठी दहा सेकंद आणि आलेखासाठी पंधरा-वीस सेकंद हे आमचं माप आहे. त्याहून लांबलं तर बहुधा दोन गोष्टी एका ऑल्टमध्ये कोंबल्या गेल्या आहेत, किंवा तक्त्यात जायचा मजकूर चुकून इथे आला आहे.

मोठ्याने वाचण्याचा दुसरा फायदा, कानाला खटकणाऱ्या खुणा सापडतात. ‘२००१-११’ असं लिहिलं तर एनव्हीडीएच्या मूळ सेटिंगमध्ये मधली आडवी रेघ बोललीच जात नाही; ऐकणाऱ्याला ‘दोन हजार एक अकरा’ असं काहीतरी ऐकू येतं. ‘२००१ ते २०११’ लिहा. टक्क्याचं चिन्ह टाळून ‘टक्के’ लिहा. ‘उ. गोवा’ऐवजी ‘उत्तर गोवा’. आणि ऑल्ट देवनागरीतच टाइप करा. घाईत ‘Govyachi loksankhya’ असं रोमनमध्ये लिहिलेलं इंग्रजी आवाज इंग्रजी उच्चारांत वाचतो आणि ते कोकणी आहे की पोर्तुगीज असा प्रश्न पडतो. त्याच जातीची आणखी एक चूक पानाच्या पहिल्या ओळीत लपलेली असते. वेबसाइट तयार करून देणाऱ्याने साचा इंग्रजी घेतला असेल तर तिथे `lang="en"` राहून गेलेलं असतं आणि आवाज आपोआप बदलणारा स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठीही इंग्रजी आवाज निवडू शकतो. ती ओळ अशी हवी:

```html
<html lang="mr">
```

अंकात कोकणी कविता असेल तर त्या भागापुरतं `lang="kok"` द्यायचं. ऑल्टच्या आत मात्र भाषा बदलता येत नाही, अख्खा ऑल्ट एकाच भाषेत वाचला जातो. म्हणून मराठी ऑल्टमध्ये इंग्रजी पाटीवरचा मजकूर तसाच उतरवू नका, तो देवनागरीत लिहा.

चिखल काल्याच्या फोटोलाही झाकून वाचण्याची तीच परीक्षा लावा, पण उत्तर वेगळ्या तऱ्हेने मिळेल. आलेख काहीतरी सिद्ध करतो. फोटो बहुतेक वेळा काहीतरी दाखवतो, आणि काय दाखवायचं हे लेख ठरवतो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोर हा खेळ होतो, हे तुमच्या लेखात येणारच. ते ऑल्टमध्ये नको. ‘चिखल काल्याचा फोटो’ हेही नको, कारण चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो आणि चिखल काला आहे हे मथळा सांगतो. लेखात जे येत नाही ते एवढंच, की त्या क्षणी मैदानात माणसं नेमकं काय करत होती. फोटो आम्ही पाहिलेला नाही, म्हणून असा धरून चालू: पुढे सात-आठ जण, अंगभर चिखल, एकाला हातपाय धरून ओढताहेत, तो हसतो आहे, मागे छत्र्यांची रांग. मग ऑल्ट असा: ‘चिखलाने माखलेले सात-आठ पुरुष एका हसणाऱ्या गड्याला हातपाय धरून चिखलातून ओढताहेत, मागे छत्र्या घेतलेले बघे उभे आहेत.’

यातली वाक्यरचना पाहा. कोण, काय करतंय, आणि मग कुठे. माणूस ऐकताना मध्येच पुढे जाऊ शकतो, म्हणून महत्त्वाचं आधी आलं पाहिजे. ‘पावसाळी आकाशाखाली, हिरव्या झाडांच्या पार्श्वभूमीवर, देवळासमोरच्या मैदानात…’ अशी सुरुवात केली तर माणसं यायच्या आतच ऐकणारा निघून गेलेला असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात काय घडतंय ते सगळ्यात शेवटी कळतं. ‘ओढताहेत’पर्यंत पोचायला अकरा शब्द लागले, याहून जास्त लागू देऊ नका. हवं तर वाक्य तोडा.

लेख जर खेळाऐवजी उत्सवाला येणाऱ्या फोटोग्राफरांवर असता तर त्याच फोटोत मागच्या रांगेतले कॅमेरे पुढे आले असते आणि ओढला जाणारा गडी अर्ध्या वाक्यात आटोपला असता. फोटोत काय ‘जास्त जागा व्यापतं’ हा निकष कधीच लावू नका.

‘हसणाऱ्या’ हा शब्द ठेवला, कारण तो दिसतो आणि त्यावाचून खेळाची मारामारी होते. ‘भक्तिभावाने न्हालेले’ हा शब्द मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही, तो लेखकाचा आहे, लेखातच राहू दे. माणसांची जात, धर्म, ऐपत कपड्यांवरून ठरवून लिहू नका. पण वस्तूचं खरं नाव माहीत असेल तर तेच वापरा. दीपस्तंभाला ‘पांढरा उंच मनोरा’ आणि समईला ‘पितळी दिवा’ म्हटलं तर गोव्यातल्या वाचकाच्या हातातलं ओळखीचं काढून घेतल्यासारखं होतं. ज्याने लहानपणी देवळातल्या समईला हात लावला आहे त्याला तुमच्या वर्णनाची गरज नाही, फक्त नाव पुरे. रंगही सरसकट टाळू नका. काही वाचकांची दृष्टी मोठेपणी गेलेली असते आणि त्यांना रंग आठवतात. रंगाला त्या फोटोत काम असेल, जसं लाल चिखल, तर एक शब्द खर्च करायला हरकत नाही.

काही चित्रांना ऑल्ट द्यायचाच नसतो. तुमच्या अंकात लेखाच्या शेवटी वेलबुट्टी असेल, तर तिथे अवतरणचिन्हांत काहीही न लिहिता `alt=""` ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर तिला ओलांडून पुढे जातो. `alt` हा शब्दच गाळला तर वेगळं घडतं: काही स्क्रीन रीडर, विशेषतः चित्राला लिंक असेल तेव्हा, फाइलचं नाव वाचू लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव ऐकणं म्हणजे तारीख, तास, मिनिटं आणि सेकंदांची आरती. चित्राला लिंक असेल तर ऑल्टने चित्र नव्हे, दाबल्यावर कुठे जातो ते सांगायचं: ‘पावसाळी अंक २ उघडा’.

आता लिहिलेलं ऐकून पाहा. विंडोजवर एनव्हीडीए फुकट मिळतं, त्यातल्या ईस्पीक या बोलणाऱ्या यंत्रणेत मराठी आवाजही आहे. थोडा यंत्रासारखा बोलतो, पण तपासणीला पुरतो. `Ctrl+Alt+N` ने सुरू होतं, आवाज थांबवायला नुसतं `Ctrl`, आणि बंद करायला `Insert+Q`. ब्राउझरमध्ये तुमचं पान उघडून `G` दाबत गेलात की एकेका चित्रावर जाता येतं. पण तेवढ्यावर थांबू नका. एकदा डोळे मिटून आलेखाच्या वरच्या परिच्छेदापासून खालपर्यंत सलग ऐका. परिच्छेद, ऑल्ट, कॅप्शन आणि तक्ता एकामागून एक येतात तेव्हाच कळतं, की १४ लाख ५९ हजार हा आकडा तीनदा ऐकू आला. मग एका ठिकाणचा काढा, शक्यतो परिच्छेदातला. ऑल्टमधल्या अवतरणचिन्हांवरही तेव्हाच लक्ष जाईल. कोड हाताने लिहीत असाल आणि ऑल्टच्या आत `"` आला, तर ब्राउझर तिथेच ऑल्ट संपला असं समजतो आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. आत एकेरी ‘ ’ वापरा.

वर्डप्रेसवर असाल तर चित्रासाठी चार रकाने दिसतात: `Alternative Text`, `Title`, `Caption`, `Description`. ऑल्ट फक्त पहिल्यात. `Title` मध्ये लिहिलेलं बहुतेक वेळा कोणालाच ऐकू येत नाही आणि लिहिणाऱ्याला वाटतं काम झालं. आणि मघाशी म्हटलं ते इथे येतं. मीडिया लायब्ररीत जाऊन ऑल्ट सुधारला तरी आधी प्रसिद्ध झालेल्या लेखातला ऑल्ट बदलत नाही, कारण चित्र लेखात घालताना त्याची प्रत लेखातच उतरलेली असते. म्हणजे गेल्या अंकातला लोकसंख्येचा आलेख तुम्ही लायब्ररीत दुरुस्त केला असेल, तर तुमच्या वाचकाला अजून ‘हिरव्या रंगाच्या पाच उभ्या पट्ट्या’च ऐकू येत असणार. लेख संपादनासाठी उघडा, आलेखावर क्लिक करा आणि उजवीकडच्या पट्टीतला ऑल्ट तिथेच बदला.